विषय : भाडेकरार ११ ऐवजी ३६ महिन्यांचा करण्याबाबत

कोथरूड, पुणे
१२ जानेवारी २०२६

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपला करार २८ फेब्रुवारीला संपतोय. फोनवर हे विषय नीट होत नाहीत, मी निम्मं विसरतो, म्हणून लिहूनच पाठवतोय. विनंती एकच आहे : या वेळी ११ महिन्यांऐवजी सरळ तीन वर्षांचा करार करूया, १ मार्च २०२६ ते २८ फेब्रुवारी २०२९.

आमची अडचण मोकळेपणाने सांगतो. गेल्या वर्षी भाडं २१ हजारांवरून २४ हजार झालं, तेही करार संपायला पंधरा दिवस उरले असताना कळलं. तुमच्या बाजूने तो आकडा चुकीचा होता असं म्हणत नाही, आमच्या गल्लीत तसेच दर चालू आहेत. पण जूनमध्ये ओवी पहिलीत जाईल. शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. दर फेब्रुवारीत ‘या वर्षी इथेच की दुसरीकडे’ हा प्रश्न उभा राहिला की मेघनाला झोप लागत नाही, आणि मग मलाही नाही.

म्हणून भाडं आत्ताच ठरवून करारात लिहू. पहिल्या वर्षी २५,०००, दुसऱ्या वर्षी २६,२०० आणि तिसऱ्या वर्षी २७,५००. साधारण पाच टक्के वाढ धरली आहे. डिपॉझिट ७५ हजार आहे तेच राहू दे.

मागे तुम्ही म्हणाला होतात, की अकरा महिन्यांपेक्षा जास्त केलं की भाडेकरूचा हक्क लागतो. ही भीती बऱ्याच घरमालकांना असते, म्हणून मी जरा चौकशी केली. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सक्तीची नोंदणी नाही, ती वाचवायला अकरा महिन्यांची पद्धत पडली. आपल्याकडे त्याचा उपयोग नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत लागतोच, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. आपण दोन्ही वेळा नोंदणी केलीच आहे. करार तीन वर्षांचा झाला तरी तो लिव्ह अँड लायसन्सच राहतो. मुदत संपल्यावर आम्ही जागा सोडली नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली तुम्हाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तेव्हापासून दुप्पट भाड्याइतकी भरपाई मागता येते. अकरा महिन्यांच्या करारात यापेक्षा जास्त संरक्षण नाही.

खर्चाचंही पाहिलं. भाडं आणि डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज मिळून पाव टक्का मुद्रांक शुल्क बसतं, म्हणजे तीन वर्षांचे अडीच हजारांच्या आत. नोंदणी फी एक हजार, पण एकदाच. अकरा महिन्यांचे तीन करार केले तर शुल्क साधारण तेवढंच भरतो, फी मात्र तीनदा, शिवाय एजंटचे पैसे दर वेळी वेगळे. तुम्ही नाशिकला, आम्ही इथे, त्यामुळे तो माणूस मशीन घेऊन दोन गावांना जातो. मागच्या वेळी काकूंचा अंगठा मशीन घेईना म्हणून किती वेळ गेला, आठवतंय ना? हात धुऊन, पुसून, क्रीम लावून झालं, शेवटी काकूच म्हणाल्या, ‘घर नको पण अंगठा आवर.’ पुढे पोलिसांकडची भाडेकरूची माहिती आणि सोसायटीला प्रत देणं हेही दर वर्षी नव्याने.

या वेळचा नोंदणीचा सगळा खर्च मी करतो. हॉललाही माझ्या खर्चाने रंग लावून घेईन, रंग तुम्ही सांगाल तो.

आता तुमच्या बाजूचं. निखिल बंगळुरूहून परत आला तर जागा लागेल, हे मला माहीत आहे. त्यासाठी असं लिहूया : पहिले बारा महिने दोघांनाही लॉक-इन. त्यानंतर तुम्हाला घरच्यांसाठी जागा हवी असेल तर तीन महिन्यांची लेखी नोटीस, आम्हाला जायचं असेल तर दोन महिन्यांची. तीन महिने मी मागतोय ते शाळेचं सत्र मध्येच तुटू नये म्हणून. भाडं सलग दोन महिने थकलं तर तुम्ही करार रद्द करू शकता, हेही घाला. गेल्या वीस महिन्यांत पाच तारीख एकदाही चुकलेली नाही, तरी लिहिलेलं बरं.

मसुदा तयार करून घेतो, तुम्ही वाचून, हवं तर तुमच्या वकिलांना दाखवून फेरफार करा. आकड्यांवर बोलायचं असेल तर मी रविवारी सकाळी दहानंतर फोन करतो. २५ जानेवारीपर्यंत ठरलं तर नोंदणीला पुरेसा वेळ मिळेल. तीन वर्षं नकोच वाटत असतील तर तेही स्पष्ट सांगा, म्हणजे शाळेच्या आसपास दुसरी जागा बघायला लागतो.

बाथरूमची गळती थांबली आहे, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काल स्वतः येऊन सांगितलं.

काकूंना नमस्कार.

आपला,
समीर
(फ्लॅट ३०२)