पहिल्याच प्रोजेक्टला २३० व्होल्ट नको

ओंकार: मॅडम, रिले बोर्डवरून मस्त टकटक वाजतोय! आता फक्त खोलीतल्या बल्बची वायर त्यातून घ्यायची राहिलीये, की मोबाईलवरून चालू-बंद.

मॅडम: अरे थांब, ती वायर आज जोडू नकोस. रिले वाजतोय म्हणजे कोड बरोबर आहे, छानच झालं, पण पुढचं घरातल्या २३० व्होल्टच्या मेन्सवर नको.

ओंकार: पण रिले आयसोलेशन देतो ना? बोर्ड तर ५ व्होल्टवरच आहे.

मॅडम: बोर्डाला देतो, तुझ्या बोटांना नाही. मॉड्यूल उलटं करून बघ, खाली सोल्डरची टोकं उघडीच आहेत, त्यातल्या दोन-तीनांवर २३० येणार आणि एसीचा पीक तर ३२५ च्या आसपास जातो. घामेजल्या हाताने शरीराचा रेझिस्टन्स हजार ओहम धरला तर किती करंट?

ओंकार: २३० भागिले १०००... ०.२३ अँपिअर.

मॅडम: म्हणजे २३० मिलिअँपिअर. साधारण १० ला स्नायू असे आखडतात की वायर सोडायची म्हटली तरी हात सुटत नाही, आणि ३० च्या पुढचा करंट छातीतून थोडा वेळ जरी गेला तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. १२ व्होल्टला कोरडी कातडी करंट बराच अडवते, २३० ला ती तेवढी अडवत नाही.

ओंकार: मी हात लावताना बटण बंद करेन ना. शिवाय लीकेज झालं तर ट्रिप होणारा ब्रेकर आहे.

मॅडम: पहिल्या प्रोजेक्टमध्ये तू सर्किटला वीस वेळा हात लावणार, जंपर निघणार, काहीतरी उलटं लागणार, ते व्हायलाच पाहिजे, त्याशिवाय शिकणार कसा! पण त्यात एकदा बटण विसरलास तर? आणि कुणी स्विच चुकून न्यूट्रलवर बसवला असेल तर बटण बंद असूनही वायर लाइव्हच राहते. तो ब्रेकर अर्थिंगकडे गळणारा करंट पकडतो रे, एक बोट लाइव्हला आणि एक न्यूट्रलला लागलं तर त्याच्या लेखी तू पण एक बल्बच. तो असावाच, पण त्याच्या भरवशावर प्रयोग नको.

ओंकार: मग माझा बल्ब राहिलाच का?

मॅडम: नाही रे, १२ व्होल्टची एलईडी पट्टी घे, बंद डब्यातला तयार अडॅप्टर आणि त्याच्या पुढे १ अँपिअरचा फ्यूज. पट्टीची वायर त्याच रिलेतून ने, कोडची एक ओळही बदलायची नाही. अडॅप्टर मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात.

ओंकार: पट्टी मंद-तेज करता येईल?

मॅडम: येईल की! रिलेऐवजी लॉजिक-लेव्हल मॉसफेट लाव, गेटला १०० ओहमचा रेझिस्टर आणि गेट ते ग्राउंड १० किलोओहमचा. डायग्राम काढून पाठव, जोडायच्या आधी मी बघते.