विक्री कमिशन योजना : नव्या आर्थिक वर्षापासून लागू

प्रति : औद्योगिक पंप व सुटे भाग विभागातील सर्व विक्री प्रतिनिधी आणि विभागीय व्यवस्थापक

१. कमिशन कशावर

आजवर बिलाच्या रकमेवर सरसकट ५ टक्के कमिशन मिळत होते. यापुढे ते मार्जिनच्या १२.५ टक्के मिळेल. मार्जिन म्हणजे विक्री किंमत वजा प्रमाण खर्च. प्रमाण खर्च वर्षाच्या सुरुवातीला वस्तूवार जाहीर होईल आणि वर्षभर तोच राहील. कच्चा माल महागला तर तो भार कंपनीचा, तुमचा नाही.

बदल का केला, ते आकड्यांत पाहा. पंपाची यादीतली किंमत १०० धरा, खर्च ६०, मार्जिन ४०. १० टक्के सूट दिली की मार्जिन ३० उरते, म्हणजे कंपनीचा पाव हिस्सा गेला. जुन्या पद्धतीत प्रतिनिधीचे कमिशन मात्र ५ वरून ४.५ वर येत होते. २० टक्के सुटीत कंपनीचे निम्मे मार्जिन जायचे आणि प्रतिनिधीचा जेमतेम पाचवा हिस्सा. अशा हिशेबात तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात भाव पाडून ऑर्डर उरकणे कोणालाही परवडणारच. त्याचे खापर विक्रीच्या लोकांवर फोडण्यात अर्थ नव्हता.

नव्या दराने यादीच्या किमतीला विकल्यास कमिशन पूर्वीइतकेच, ५. १० टक्के सुटीवर ३.७५ आणि २० टक्के सुटीवर २.५.

२. सूट कशाला म्हणायचे

बिलावर दिसणारी सूट तर आहेच. फुकट दिलेले सुटे भाग, माफ केलेला वाहतूक खर्च आणि वाढीव वॉरंटीही त्यांच्या प्रमाण खर्चाने मार्जिनमधून वजा होतील. नेहमीच्या मुदतीपेक्षा जास्त उधारी दिल्यास दर ३० दिवसांमागे विक्री किमतीच्या १.५ टक्के वजा होतील. छापील दरपत्रकातील मोठ्या ऑर्डरचे टप्पे मात्र सूट धरले जाणार नाहीत. त्या टप्प्यांसाठी वेगळा प्रमाण खर्च दिला जाईल.

१५ टक्क्यांपुढील सुटीला विभागीय व्यवस्थापकांची लेखी मंजुरी लागेल. मंजुरी मिळाली म्हणून कमी झालेले कमिशन भरून मिळणार नाही. व्यवस्थापकांचा बोनसही मार्जिनवरच ठरणार असल्याने मंजुरी आता सहज मिळणार नाही, हेही लक्षात असू द्या.

३. वाढीचे बक्षीस आणि जुने ग्राहक

तिमाही टार्गेट मार्जिनमध्येच दिले जाईल. टार्गेटच्या वर गेलेल्या मार्जिनवर १८ टक्के मिळतील. वरची मर्यादा नाही, आणि एखाद्याने जास्त कमावले म्हणून वर्षाच्या मध्ये त्याचे टार्गेट वाढवले जाणार नाही.

पण १८ टक्क्यांना एक अट आहे. तुमच्या यादीतील जुन्या ग्राहकांनी गेल्या चार तिमाहींत केलेली खरेदी त्याआधीच्या चार तिमाहींच्या किमान ९० टक्के हवी. हे प्रमाण ८० ते ९० च्या दरम्यान असेल तर टार्गेटवरचा दर १५ टक्के, ८० च्या खाली १२.५ टक्केच. मधला टप्पा मुद्दाम ठेवला आहे. एकच रेघ आखली असती तर ती हुकल्यावर जुन्या ग्राहकाकडे फिरकायचे कारणच उरले नसते.

प्रमाण मोजताना कोणत्याही एका ग्राहकाची खरेदी त्याच्या आधीच्या खरेदीच्या १०० टक्क्यांपर्यंतच धरली जाईल. नाहीतर एक मोठा कारखाना सुटून गेलेल्या दहा लहान ग्राहकांना झाकून टाकतो. त्याची वाढीव खरेदी वाया जात नाही, ती टार्गेटमध्ये पूर्ण मोजली जाते. देखभाल करार आणि सुटे भागही ग्राहकाच्या खरेदीत येतात. कारखाना बंद पडला, तर तो ग्राहक हिशेबातून वगळला जाईल.

जुनाच ग्राहक नव्या नावाने आला तरी तो जुनाच. ग्राहक एका प्रतिनिधीकडून दुसऱ्याकडे गेल्यास त्याचा मागचा आकडाही सोबत जाईल. मात्र नव्या प्रतिनिधीला पहिल्या दोन तिमाहींत त्या ग्राहकाच्या घसरणीचा फटका बसणार नाही.

४. पैसे कधी

निम्मे कमिशन बिल झालेल्या महिन्याच्या पगारात, निम्मे ग्राहकाचे पूर्ण पैसे जमा झाल्यावर. सहा महिन्यांत माल परत आला तर त्यावरचे कमिशन पुढच्या हिशेबातून वजा होईल. सदोष मालामुळे परत आला असल्यास वजावट नाही.

५. बदलाचा काळ

पहिल्या दोन तिमाहींत जुन्या आणि नव्या, दोन्ही पद्धतींनी हिशेब काढून जी रक्कम जास्त ती दिली जाईल. योजनेच्या तारखेआधी दिलेली कोटेशन्स ६० दिवसांत ऑर्डरमध्ये बदलली तर त्यांना जुनाच दर. मासिक पत्रकात प्रत्येक ऑर्डरची किंमत, खर्च, मार्जिन आणि कमिशन स्वतंत्र दिसेल. त्यात चूक आढळल्यास १५ दिवसांत लेखा विभागाला लेखी कळवावे. निर्णय होईपर्यंत फक्त वादातली रक्कम थांबेल, बाकीची वेळेवर मिळेल.

विक्री विभागप्रमुख