दोन इंच एक सूत

बांगडी अडकली तेव्हा जुईने कुणालाच हाक मारली नाही. ती माळ्याच्या जिन्याखाली, गाद्यांच्या थप्पीमागे जाऊन बसली आणि हात फ्रॉकमध्ये लपवला.

बाहेर मेंदी चालली होती. सकाळी देवक बसलं होतं, दुपारी कासारीण येऊन सगळ्यांना हिरव्या बांगड्या भरून गेली होती. जुईच्याही हातात सहा-सहा. कासारणीने तिचा पंजा दाबून पाहिला, अंगठा तळव्यात मुडपला आणि म्हणाली, "दोन-दोनची लागंल हिला. हात वाढलाय पोरीचा."

ही बांगडी मात्र कासारणीची नव्हती. आत्याच्या सासरी न्यायच्या पेटीत, तळाशी एका रुमालात ती जुईला सापडली. जांभळी, आत सोनेरी कण, आणि एके ठिकाणी मोहरीएवढा हवेचा बुडबुडा. तो बुडबुडा पाहताच जुईला आठवलं. जत्रेतून येताना आत्याच्या कडेवर बसून तिने तो उजेडाकडे धरून पाहिला होता. तेव्हा ती पाच वर्षांची होती. अशा दोन होत्या, एक वाटेतच वाढली. उरलेली आत्याने काढून घेतली होती, "हरवशील, मी ठेवते," म्हणून. इतकी वर्षं ठेवली आणि आता पेटीत घालून घेऊनही चालली होती.

जुईने ती उजव्या हातात चढवायला घेतली. बोटांवरून गेली, करंगळीकडून थोडी सरकली, मग अंगठ्याच्या हाडावर बसली ती बसलीच. ना पुढे, ना मागे. जुईने ओढली. पुन्हा ओढली. अंगठ्याचं बूड लाल झालं, मग फुगलं.

तिला आईने शोधलं ते रडण्याच्या आवाजावरून. मग काय, अख्खी खोली गोळा झाली. मावशीने खोबरेल तेल चोपडलं आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. जुई किंचाळली. काकूने साबण आणला. त्यानेही नुसताच फेस झाला. पंजा आता दुसऱ्याच कुणाचा असावा तसा दिसत होता.

"पक्कड आणा, चटकन मोडून टाकू," कुणीतरी म्हणालं.

"अगं काय बोलतेस!" आजी दारातूनच ओरडली. "देवक बसलंय घरात. आज काच वाढवायची नाही."

"हात महत्त्वाचा की काच?" आईचा आवाज चढला. दोघींचंही खरं होतं, आणि जुईला दोघींचीही भीती वाटत होती.

आत्या मेंदीवरून उठून आली. कोपरापर्यंत ओली मेंदी, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. तिने बांगडी पाहिली, रुमाल पाहिला. जुईने मान खाली घातली. आत्या तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. हात लावता येत नव्हता, म्हणून तिने दंडानेच जुईचे डोळे पुसले आणि पाय जुईच्या पायावर ठेवला.

"दादाला बोलवा," ती म्हणाली.

बाबा मांडवात वायर ओढत होते. सायकलचं दुकान त्यांचं, त्यामुळे घरात झाकण बसलं, कडी अडकली की त्यांनाच हाक जायची. लग्नाच्या कामात ते आठवडाभर फारसं बोललेच नव्हते. सांगेल ते आणायचं, सांगेल तिथे ठेवायचं, एवढंच.

ते गुडघ्यावर बसले. हाताला न शिवता आधी नुसतं पाहिलं.

"कुणी ओढली?"

कुणी उत्तर दिलं नाही.

"आता कुणी ओढायची नाही. हात फुगलाय, तो उतरू दे. जुई, हात वर. डोक्याच्या वर धर. दमलीस तर मी धरतो."

त्यांनी माठातलं गार पाणी मागवलं. दहा मिनिटं त्यांनी जुईचं मनगट वर धरून ठेवलं आणि ओल्या फडक्याने पंजा पुसत राहिले. त्यांच्या बोटांना ग्रीसचा वास येत होता. मोठ्या समारंभासाठी साबणाने तीनदा घासूनही तो गेला नव्हता.

"केवढी आहे रे?" आत्याने विचारलं.

"दोन इंची असेल. आणि हिला लागते दोन-दोनची."

"म्हणजे किती कमी?"

"दोन आणे. सोळा आण्यांचा इंच. आपल्या भाषेत एक सूत." त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांत जेमतेम काडी मावेल एवढं अंतर दाखवलं. "एवढ्यासाठी."

मग त्यांनी बांगडी डोळ्यांजवळ नेऊन बोटाच्या टोकाने चाचपली. काच वळवून जिथे जोडलेली असते तो सांधा शोधत होते. ताण आला तर तिथेच जाणार. सापडल्यावर त्यांनी बांगडी केसभर केसभर फिरवत तो सांधा तळव्याच्या खोलगट बाजूला आणला. नव्या साडीवरची पातळ पिशवी फाडून तिचा पट्टा बांगडीखालून हळूच सरकवला, वरून साबणाचं पाणी सोडलं.

"जुई, अंगठा आत. करंगळीला भेटायला पाठव."

"दुखतंय."

"माझ्याकडे बघ," आत्या म्हणाली. "मी भरली होती ना ती तुला, तेव्हा काय म्हणत होते मी?"

जुईला आठवेना.

"हात माशासारखा कर. मासा कसा जातो?"

जुईने डोळे मिटले आणि बोटं एकत्र आवळली. अंगठा वाकत वाकत तळव्याच्या मध्यापर्यंत गेला. बाबांनी बांगडी ओढली नाही. एका बाजूने थोडी, मग दुसऱ्या बाजूने थोडी, मळसूत्रावरून चाकी उतरवावी तशी फिरवत राहिले. खोलीत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. आत्याची हनुवटी गुडघ्यावर टेकली होती, डोळे गच्च मिटलेले, आणि मेंदीचा एक सुका पापुद्रा तिच्या कोपरावरून गळून फरशीवर पडला.

हाडावर आली तेव्हा जुईने ओठ चावला. आणि मग एकदम काही जाणवेनासंच झालं.

"निघाली का रे दादा?" आत्याने डोळे न उघडताच विचारलं.

"निघाली."

बाबांनी ती फडक्याने पुसली. अखंड होती, बुडबुड्यासकट. जुईने ती आत्यापुढे धरली, पण आत्याचे हात तसेच लांब होते आणि पेटीला दोरी बांधायला काका येऊन उभे होते.

"मी तुला न विचारता घेतली," जुई म्हणाली.

"तुझीच आहे गं. मला तिकडे काहीतरी तुझं हवं होतं." एवढं बोलून आत्या उठली आणि मेंदीवालीसमोर जाऊन बसली.

धांदलीत हरवेल म्हणून बाबांनी बांगडी खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठवणी झाली. गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवला, पेटी मागे चढवली. दार बंद होण्याआधी बाबा पुढे झाले. नव्या झब्ब्याच्या खिशातून त्यांनी काहीतरी काढलं आणि आत्याच्या मुठीत दिलं. आत्याच्या हिरव्या चुड्यात क्षणभर जांभळं दिसलं. जुईने अंगठा तळव्यात मुडपून पाहिला. अजून दुखत होता.

गाडी वळणाआड गेली. आजी मांडवापर्यंत आलीच नव्हती. आतल्या खोलीत, तोंड भिंतीकडे करून बसली होती. बाबा आणि जुई उंबऱ्यात आले तेव्हा तिने वळून न बघताच विचारलं,

"निघाली का रे?"

बाबांचा हात रिकाम्या खिशावर गेला.

"निघाली," ते म्हणाले.