ठिबकचं अनुदान: गटावरच्या सात पोस्ट

पोस्ट 1, सोमवार सकाळ

राम राम मंडळी. गेल्या आठवड्यात ठिबकच्या अनुदानाबद्दल बारा-तेरा जणांचे फोन आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "शेवटची तारीख कधी?" तारखेचं बुधवारी सांगतो, कारण ते जरा वेगळं प्रकरण आहे. आधी योजना काय ते बघू.

केंद्राची 'प्रति थेंब अधिक पीक' ही योजना आहे. त्यात अल्प आणि अत्यल्प भूधारकाला 55 टक्के, बाकीच्यांना 45 टक्के. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना अनुक्रमे 25 आणि 30 टक्के भर घालते. म्हणजे लहान शेतकऱ्याला एकूण 80 आणि मोठ्याला 75 टक्के.

पण हे टक्के दुकानदाराच्या बिलावर धरत नाहीत. सरकारने लागवडीच्या अंतरानुसार हेक्टरी खर्चाचा मापदंड ठरवलाय, त्यावर धरतात. समजा तुमच्या क्षेत्राचा मापदंड 1 लाख निघाला आणि बिल झालं 1 लाख 20 हजार. 80 टक्केवाल्याला मिळणार 80 हजारच. वरचे 40 हजार खिशातून. भाव करताना हे डोक्यात ठेवा.

पोस्ट 2, सोमवार संध्याकाळ: कोण बसतं?

जमीन स्वतःच्या नावावर हवी. 8-अ वर सगळी मिळून 2 हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकर असेल तर तुम्ही अल्पभूधारक. गावातली बहुतेक खाती यातच येतात. लाभ जास्तीत जास्त 5 हेक्टरपर्यंत.

पाण्याची सोय हवी. विहीर, बोअर, शेततळं, काहीही चालेल, पण पाणी दाखवता आलं पाहिजे. मोटरीला कायमचं वीज कनेक्शन हवं आणि चालू बिल जवळ हवं. आकडा टाकून मोटर चालवणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

त्याच गटावर आधी अनुदान घेतलं असेल तर 7 वर्षं पुन्हा मिळत नाही. दुसरा गट रिकामा असेल तर त्याच्यावर करता येतं. अंजिराच्या जुन्या बागांना 2018-19 मध्ये ज्यांनी ठिबक केलं, त्यांनी आपली तारीख मोजून बघा.

पोस्ट 3, मंगळवार: कागद

सगळ्यात आधी शेतकरी ओळख क्रमांक, आपण ज्याला फार्मर आयडी म्हणतो तो. 15 एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांना तो लागतोच. ज्यांचा अजून निघाला नाही त्यांनी आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि सातबारा घेऊन सेवा केंद्रावर जावं. ओटीपी त्याच मोबाईलवर येतो, म्हणून मोबाईल पोराकडे पुण्याला ठेवून एकट्याने जाऊ नका. मागच्या वेळी तिघांची अशीच फेरी वाया गेली.

मग सातबारा आणि 8-अ, ताजे. digitalsatbara.mahabhumi.gov.in वर डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. त्यावर विहीर किंवा बोअरची नोंद आहे का बघा. नसेल तर आधी तलाठ्यांना भेटा. (त्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी आणि कृषी सहायकांचं सहाय्यक कृषी अधिकारी. पाट्या बदलल्या, माणसं तीच आहेत.)

वीजबिल आणि बँक पासबुक हेही हवंच. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना जातीचा दाखला. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र. भावाभावांत बोलणं बंद असेल तर ते आत्ताच सुरू करा, सहीच्या दिवशी नको.

पोस्ट 4, मंगळवार रात्र: पासबुकाबद्दल दोन शब्द

शिंदे काकूंनी विचारलं, "सोसायटीच्या बँकेचं पासबुक चालेल का?" काकू, पासबुक कुठलंही द्या, पैसे जातात आधारला जोडलेल्या खात्यात. दोन-तीन खाती असतील तर कोणतं जोडलंय ते बँकेत विचारून घ्या. आणि ते बंद पडलेलं नाही ना, हेही. पैसे वर्षभर अडकायला एवढं कारण पुरतं.

पोस्ट 5, बुधवार: शेवटची तारीख

आता तारीख. mahadbt.maharashtra.gov.in वर ठिबकचा अर्ज वर्षभर घेतात. "31 तारखेपर्यंतच" असं कुणी सांगून घाई करून पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

म्हणून निवांत बसायचं का? तर नाही. आधी लॉटरी निघायची, नशिबाचा खेळ होता. 2025 पासून जो आधी अर्ज करील त्याचा नंबर आधी. म्हणजे तारीख नाही, पण रांग आहे. आणि तुमची खरी शेवटची तारीख तुमच्या मोबाईलवर येते, दोनदा. निवड झाल्याचा मेसेज आला की कागद चढवायला मुदत असते, ती त्यात लिहिलेली असते. नंतर पूर्वसंमती मिळाली की 30 दिवसांत संच बसवून बिल पोर्टलवर टाकायचं. या दोन्हींपैकी एक हुकली तर अर्ज रद्द होतो आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला.

अर्जाची पोर्टलची फी 23 रुपये 60 पैसे. वर केंद्रवाला आपली मजुरी घेईल ती वेगळी.

पोस्ट 6, गुरुवार: हे मात्र करू नका

पूर्वसंमतीच्या आधी नळ्या आणू नका. हे मोठ्याने वाचा.

हे मी आमच्याच घरचं सांगतोय. चुलतभावाला दुकानदार म्हणाला, "माल आत्ता न्या, भाव वाढणारेत, अनुदान काय, आपण बघून घेऊ." दादाने दीड एकराला पसरल्या. पूर्वसंमती आली दोन महिन्यांनी आणि बिलावरची तारीख त्याच्या आधीची. अनुदान शून्य. दुकानदार आता फोन उचलतो, पण "साहेबांना विचारतो" एवढंच म्हणतो. वहिनी अजून त्या नळ्यांकडे बघितलं की दादाकडे बघतात.

माल कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, पक्कं बिल घ्या. संच बसला की साहेब शेतावर येऊन मोका तपासणी करतात. तेव्हा संच जोडलेला आणि चालू हवा, बांधावर गुंडाळून ठेवलेला नको. आणि मोबाईलवर आलेला ओटीपी फोनवर मागणाऱ्याला देऊ नका, तो कुठल्याही खात्याचं नाव सांगो.

पोस्ट 7, शुक्रवार

आपल्या गावापुरती तारीख मी ठरवतो: येता रविवार. सकाळी 9 ते 12, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. मी आणि गणेश लॅपटॉप घेऊन बसतो. मंगळवारच्या पोस्टमधले कागद आणा, अर्ज तिथेच भरू. आमची मजुरी नाही, फक्त पोर्टलची फी. फार्मर आयडी नसलेल्यांनी शनिवारी केंद्रावर जाऊन या, रविवारी तिथे बसून ते होणार नाही.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना शेजाऱ्याने हे वाचून दाखवा. वरच्या आळीतल्या बबनतात्यांना मी स्वतः सांगतो, त्यांचा मोबाईल कायम चार्जिंगलाच असतो.