एम वनचा भोपळा आणि पप्पांचं केएमपीएल

फर्स्ट सेमचा रिझल्ट फेब्रुवारीत लागला तेव्हा मी मेसच्या लाईनीत उभी होते, हातात ताट आणि दुसऱ्या हातात मोबाईल. एम वन, म्हणजे पहिल्या सेमचं गणित, त्याच्यासमोर एफ. बाकीचं काही वाचलंच नाही, ताट परत ठेवून रूमवर गेले. बारावीला गणितात ९१ होते हो मला. रोल्स थिअरम, जेकोबियन, आयगन व्हॅल्यू, सगळं समजतंय समजतंय करत पेपरात ३४ आले, पासिंग ४० ला.

रडून झाल्यावर पहिला विचार ट्रस्टचा आला. आमच्या बार्शीतला एक ट्रस्ट वर्षाला २५ हजार देतो, अट एवढीच की वर्षाअखेरीस सगळे विषय सुटलेले पाहिजेत आणि सीजीपीए सात. पप्पा एसटीत ड्रायव्हर आहेत, त्यांनी ते २५ हजार हॉस्टेलच्या फीमध्ये आधीच धरून ठेवलेले.

श्रुती माझी रूममेट, तिचं सगळं क्लिअर, त्यामुळे ती एकदम कूल. म्हणाली थांब, हिशोब करू. माझ्या जर्नलच्या मागच्या पानावर ग्रेड पॉईंट लिहिले: एम वन शून्य, फिजिक्स सहा, इलेक्ट्रिकल सात, सी प्रोग्रामिंग आठ, ग्राफिक्स पाच, वर्कशॉप नऊ, कम्युनिकेशन स्किल आठ. बेरीज ४३, भागिले सात, ६.१४. मग म्हणाली केटीत, म्हणजे राहिलेला विषय परत दिला की, जास्तीत जास्त बी ग्रेड देतात ना, म्हणजे सहा, तर ४९ भागिले सात, बरोबर ७.०० !! आम्ही दोघींनी उड्या मारल्या, खालच्या रूममधल्या मुली ओरडल्या.

रात्री पप्पांना फोन केला, ते मुक्कामी गाडीवर होते, मागे कोणीतरी स्टोव्ह पेटवत होतं. मी उत्साहात सगळं सांगितलं, नापास झाल्याचं सुद्धा त्याच दमात सांगून टाकलं म्हणजे ओरडायला वेळच मिळू नये. ते गप्प. मग म्हणाले, "वर्कशॉप आणि गणित सारखंच धरलंस?"

मी म्हटलं, "हो, विषय सातच आहेत ना."

"अगं, आमच्या डेपोत केएमपीएल, म्हणजे लिटरला किती किलोमीटर, काढतात तेव्हा असं करत नाहीत. समज ४०० किलोमीटरच्या फेरीला ८० लिटर लागलं, म्हणजे पाच पडलं. ४० किलोमीटरच्या फेरीला १० लिटर, चार पडलं. दोन्हीचं मिळून साडेचार का?"

मी मनात हो म्हणणारच होते.

"४४० ला ९० लागलं. चार पॉईंट एकोणनव्वद. लांबच्या फेरीचं वजन जास्त पडतं. तुमच्यात कशाचं वजन असतं ते बघ आधी, मग उड्या मार." आणि शेवटी हळूच, "जेवलीस का?"

क्रेडिट! क्रेडिटचा रकाना मार्कशीटवर समोरच होता आणि आम्ही दोघी इंजिनिअरिंगच्या मुली तो बघितलाच नाही. एम वन चार क्रेडिट, फिजिक्स चार, इलेक्ट्रिकल, सी आणि ग्राफिक्स तीन-तीन, कम्युनिकेशन दोन, वर्कशॉप बिचारं एक. परत गुणले: ०, २४, २१, २४, १५, १६, ९. बेरीज १०९, भागिले २०. आला ५.४५. म्हणजे ज्यात माझे नऊ आले ते एका क्रेडिटचं आणि शून्य आला तो चार क्रेडिटचा, वा नशीब. केटीत बी आला तरी २४ ची भर, १३३, ६.६५. श्रुतीचं सात कुठच्या कुठे गेलं.

दुसऱ्या दिवशी एक्झाम सेलला गेले, कारण सीनियर लोक तीन प्रकारचं सांगत होते. एक म्हणे जुना एफ पण धरतात आणि नवा ग्रेड पण, म्हणजे भागाकार २४ ने. दुसरा म्हणे पास झाल्याशिवाय क्रेडिट मोजतच नाहीत. खिडकीतल्या मॅडमनी ऑर्डिनन्सची झेरॉक्स पुढे सरकवली, वाच म्हणाल्या. आमच्याकडे जुना ग्रेड काढून त्याच जागी नवा येतो, क्रेडिट चारच राहतात, मार्कशीटवर स्टार पडतो, ग्रेड बी च्या वर नाही. आणि नापास असलं तरी ते चार क्रेडिट खाली भागाकारात असतातच, म्हणून तर ५.४५.

मग रात्रभर सेम टू धरून हिशोब. तिलाही २० क्रेडिट, म्हणजे वर्षाचे ४०, सातसाठी पाहिजेत २८०. एम वन तसाच राहिला तर सेम टूमध्ये १७१, म्हणजे ८.५५, विसरा, आणि तसंही केटी असताना ट्रस्ट उभंच करणार नाही. काठावर पास, म्हणजे ग्रेड पॉईंट चार, तर सेम टूला ७.७५ लागतो. बी मिळाला तर ७.३५. हा आकडा बघून मी जरा शांत झाले कारण शून्यातून चारवर जाताना १६ पॉईंट मिळतात आणि चारवरून सहावर जाताना फक्त ८. तेवढेच ८ मला केमिस्ट्रीत दोन ग्रेड वर गेले तरी मिळतात, तेही चार क्रेडिटचंच. मी तर सगळं सोडून दिवसरात्र एम वनच करायचं ठरवलं होतं, म्हणजे एक खड्डा बुजवायला दुसरा खणायचा असलाच प्रकार झाला असता.

तर सकाळी सहा ते साडेसात एम वन, बस. मॅट्रिसेस आणि पार्शल डिफरन्शिएशन पक्कं, फुरिअर सिरीजला हात लावला पण प्रेम नाही केलं. बाकी दिवस सेम टूचा. आणि वर्कशॉपचं जॉब फायलिंग, जे सगळे एक क्रेडिट म्हणून कोणाकडून तरी करून घेतात, ते मी स्वतः घासत बसले, हाताला फोड येईपर्यंत. श्रुती हसायची.

मे मध्ये मेकॅनिक्सच्या दुसऱ्याच दिवशी एम वन आला, त्यामुळे मेकॅनिक्स पण अर्धवट आणि एम वनचा शेवटचा प्रश्न पण अर्धवट.

रिझल्ट जूनच्या शेवटी. यावेळी घरी होते, बार्शीला, पप्पा ड्युटीवरून नुकते आलेले, अंगात खाकीच. एम वनला सी, पाच पॉईंट, म्हणजे बी पण नाही. वीस. पोटात गोळा आला कारण आता सेम टूला १५१ पाहिजेत. खाली वाचत गेले. एम टू सात, केमिस्ट्री सात, मेकॅनिक्स सहा (मेलं), इलेक्ट्रॉनिक्स आठ, पायथन नऊ, एन्व्हायर्नमेंट आठ. मनात गुणून १४१ होत होते. राहिलं वर्कशॉप. ओ ग्रेड, दहा, एक क्रेडिट.

१५१. परत केलं, कॅल्क्युलेटरवर केलं, पप्पांनी त्यांच्या डायरीच्या मागे पेनानं केलं. १२९ अधिक १५१, २८०, भागिले ४०. मार्कशीटच्या तळाशी पण तेच छापलेलं, ७.००.

पप्पा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "ट्रस्टच्या फॉर्मवर सात लिहिलंय का सातच्या वर?"

मी कपाटाकडे धावले, फॉर्म कुठल्या फाईलमध्ये ठेवलाय ते आईलाच माहीत.