मावशीने पाठवलेल्या चार फोटोंचं मराठी

मावशी, तिकडच्या बस-ट्रेनच्या जर्मन वेळापत्रकांचे चारही फोटो बघितले. कामाचं आधी सांगते, परवा गुरुवारी ८.१२ ची बस नाहीये. काकांनी तिच्यावर गोल केलाय तो खोडून टाकायला सांग. ४ जूनला तिकडे फ्रोनलाइषनामची सुट्टी आहे, ईस्टरनंतर ६० व्या दिवशी येते ती. पूर्ण जर्मनीला नसते पण तुम्ही ज्या राज्यात आहात त्या बाडेन-वुर्टेम्बर्गला असते, आणि सुट्टी असली की वार कुठलाही असो, बस रविवारच्या रकान्याने धावते. काकांच्या मोबाईलच्या कॅलेंडरात आपल्या सुट्ट्या लावलेल्या असणार, त्यात ही दिसणारच नाही.

आता नीट लिहिते, फोटो शेजारी उघडून वाच.

पहिला फोटो, तुमच्या गावातला स्टॉप. वर डाव्या कोपऱ्यात बारीक लिहिलंय ते म्हणजे १४.१२.२०२५ पासून १२.१२.२०२६ पर्यंत लागू. म्हणजे बोर्ड चालू वर्षाचाच आहे, तिथे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यात बदलतं. स्टेशनला पोचायला २३ मिनिटं.

Mo–Fr, सोमवार ते शुक्रवार:
६.१२, ६.४२ S
७.०८ S, ७.२२ F
८.१२ पासून १९.१२ पर्यंत दर तासाला १२ मिनिटांनी
मध्ये जादा: १२.५५ S, १५.३५ S a
२०.१२ ☎, २२.१२ b ☎

Sa, शनिवार:
७.१२, ९.१२, ११.१२, १३.१२, १५.१२, १७.१२, १९.१२ ☎

रविवार आणि सुट्टीचे दिवस, रकान्यावर † आहे तो:
९.४२ W, १३.४२, १७.४२ ☎

खालच्या टिपा:
S – फक्त शाळा चालू असेल त्या दिवशी
F – फक्त शाळेच्या सुट्टीतल्या सोमवार ते शुक्रवारी
a – फक्त सोमवार ते गुरुवार
b – फक्त शुक्रवारी
W – फक्त १ मे ते १ नोव्हेंबर, मागे सायकलींची ट्रॉली असते
☎ – आधी फोन केला तरच येते, सुटायच्या किमान ६० मिनिटं आधी
२४ आणि ३१ डिसेंबरला शनिवारसारखं

शेवटची ओळ तुम्हाला कामाची नाही, सोड.

S आणि F चं मात्र नीट बघ कारण तुमचा सगळा मुक्काम त्यातच येतो. तिथल्या शाळांना २६ मे ते ५ जून सुट्टी आहे. म्हणजे उद्या बुधवार आणि शुक्रवार दोन्ही दिवशी S लिहिलेली एकही बस येणार नाही आणि F वाली येईल. गुरुवारीही शाळेला सुट्टीच आहे पण F वाली येणार नाही, कारण ती सोमवार-शुक्रवारच्या रकान्यात आहे आणि गुरुवारी तो रकानाच बंद. तू विचारलं होतंस की ७.०८ आणि ७.२२ अशा इतक्या लागून दोन बस कशाला, तर त्या दोन नाहीतच, एका दिवशी त्यातली एकच असते. शाळा असली की १४ मिनिटं लवकर, नसली की उशिरा.

दोन खुणा एकत्र असल्या की दोन्ही अटी लागतात हेही लक्षात ठेव. १५.३५ ला S आणि a दोन्ही आहे म्हणजे शाळेचा दिवस पाहिजे आणि वर सोमवार ते गुरुवारपैकी पाहिजे. २२.१२ फक्त शुक्रवारी आणि तीसुद्धा फोन केला तर. काकांना वाटलं की b म्हणजे बी प्लॅटफॉर्म, तसं काही नाही, गावातल्या स्टॉपला कुठला आलाय प्लॅटफॉर्म.

१६ च्या ओळीत १२ नंतर काहीतरी आहे पण काचेवर ऊन पडलंय, मला ते a वाटतंय, कदाचित नुसता डाग असेल. ती बस मी कुठेच धरली नाहीये. जाता येता दिसलं तर जवळून एक फोटो काढ, फ्लॅश बंद करून.

वारांची अक्षरं एकदा सांगून ठेवते म्हणजे स्टेशनवर गोंधळ नको: Mo सोमवार, Di मंगळवार, Mi बुधवार, Do गुरुवार, Fr शुक्रवार, Sa शनिवार, So रविवार. आणि मधल्या चिन्हाकडे बघायचं. Mo–Fr अशी आडवी रेघ असेल तर सोमवार ते शुक्रवार सगळे दिवस, Mo, Fr असा स्वल्पविराम असेल तर फक्त ते दोनच दिवस, आणि Fr/Sa अशी तिरकी रेघ असेल तर शुक्रवार संपून शनिवार लागतो ती रात्र.

ती तिरकी रेघ आहे दुसऱ्या फोटोत, स्टेशनबाहेरच्या बस स्टँडच्या. हा परतीचा बोर्ड. याच्यातलं तुमच्या कामाचंच देते:

Mo–Fr: ७.१५ पासून १९.१५ पर्यंत दर तासाला, मग २०.१५ ☎, २२.४५ b ☎
Sa: ८.१५ पासून दर दोन तासांनी १८.१५ पर्यंत, २०.१५ ☎
†: ११.१५, १५.१५, १८.१५ ☎
शनिवार आणि रविवार दोन्हीच्या रकान्यात सगळ्यात खाली: ०.३५ N

N ची टीप अशी: Fr/Sa आणि Sa/So च्या रात्री, तसंच सुट्टीच्या आदल्या रात्री. ०.३५ शनिवारच्या रकान्यात अगदी तळाला छापलंय त्यामुळे वाटतं की शनिवारी दिवसभर फिरून रात्री ही पकडायची, पण ती शुक्रवारच्या रात्रीची आहे. शनिवारी रात्री उशीर झाला तर रविवारच्या रकान्यातली ०.३५ तुमची. दोन्ही रात्री आहे म्हणून या वेळी वाचलात, पण रकान्यावरून ठरवू नका, टिपेवरून ठरवा.

यात एक फायदा पण आहे. उद्या बुधवारी रात्री तुमचा तो ऑर्गनचा कार्यक्रम आहे ना शहरात, तो अर्ध्यात सोडून निघायची गरज नाही. गुरुवारी सुट्टी म्हणजे बुधवारची रात्र ही सुट्टीची आदली रात्र, त्यामुळे ०.३५ आहे. ट्रेन तेवढी स्टेशनला साडेबाराच्या आत पोचणारी बघा. गुरुवारी रात्री मात्र ही बस नाही, शुक्रवार साधा दिवस आहे.

तिसरा फोटो पिवळा कागद, चौथा पांढरा. पिवळ्यावर सुटणाऱ्या गाड्या असतात आणि पांढऱ्यावर येणाऱ्या, तिथल्या सगळ्या स्टेशनांवर असंच. रविवारसाठी तू जी ११.१४ लिहून घेतलीस ती पांढऱ्यावरची आहे, ती शहरातून इकडे येते आणि इथेच संपते. तिच्यात बसून कुठे जाता येणार नाही. पांढरा फोटो डिलीट केलास तरी चालेल.

पिवळ्यावरच्या तुमच्या दिशेच्या गाड्या:

७.५१ – Mo–Fr, पण ३ एप्रिल, ६ एप्रिल, १ मे, १४ मे, २५ मे, ४ जूनला नाही
९.५१ – दोन हातोड्या एकमेकांवर आडव्या ठेवल्याचं चिन्ह
१०.२१ – Sa, So, शिवाय वरच्या सहाही तारखांना
१२.२१ – १०.२१ सारखंच

हातोड्या म्हणजे कामाचे दिवस, आणि त्यांच्या हिशोबात त्यात शनिवारही येतो. सोमवार ते शनिवार, सुट्टी सोडून. म्हणून ९.५१ शनिवारी आहे, गुरुवारी नाही. तू म्हणालीस तसं ते 'काम चालू' नाहीये, रुळांची दुरुस्ती असली तर वेगळा कागद लावतात. तसा एखादा कागद शेजारी चिकटवलेला दिसला तर त्याचा पण फोटो पाठव, तो या सगळ्याच्या वर असतो.

आता दिवसाप्रमाणे, हे काकांना वाचून दाखव:

बुधवार ३ जून. नेहमीचा दिवस धरा, फक्त S वाल्या बस विसरा. जाताना दर तासाला १२ मिनिटांनी, येताना ०.३५.

गुरुवार ४ जून. रविवार समजायचं. बस ९.४२, जूनमध्ये आहोत म्हणून W ची अडचण नाही, १०.०५ ला स्टेशन, १०.२१ ची ट्रेन. ही चुकली तर पुढची बस थेट १३.४२, त्यामुळे स्टॉपवर दहा मिनिटं आधी जा. परतताना १५.१५ लवकर होईल, म्हणजे १८.१५, आणि ती फोनवाली आहे. फोन १७.१५ च्या आत झाला पाहिजे. मला पावणेपाचपर्यंत मेसेज कर की येतोय, किती जण, बोर्डावरच्या नंबरवर मी इथून फोन लावते, त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलावं लागेल. मेसेज नाही आला तर मी फोन करणार नाही, उगाच त्यांना फेरी नको. तिच्या जागी छोटी व्हॅन किंवा साधी टॅक्सी आली तर बिचकू नका, बहुतेक तसंच काहीतरी येतं.

शुक्रवार ५ जून. लवकर जायचं असेल तर ७.२२ F, ७.४५ ला स्टेशन, ७.५१ ट्रेन. सहा मिनिटं हातात, काकांच्या गुडघ्याला जिना असेल तर मला जरा कमी वाटतात. घाई नसेल तर ८.१२ ने जा आणि ९.५१ धरा, वाटेत चहा होईल. येताना १९.१५ ला फोन वगैरे काही नको. त्यानंतर २०.१५ आणि २२.४५ दोन्ही फोनवाल्या, आणि अगदीच रंगलात तर ०.३५ आहे.

शनिवार ६ जून. ९.१२ ची बस, ९.५१ ची हातोडीवाली. बस दोन तासांनी एक आहे एवढं लक्षात असू दे, ती दर तासाची चैन शुक्रवारी संपली.

रविवार ७ जून. सामान घेऊन निघायचंय. सकाळी ९.४२ च्या आधी गावातून एकही बस नाही, फोनवाली पण नाही. ९.४२ आणि मग १०.२१. शहरात १२ वाजायच्या आत पोचायची सक्ती असेल तर तसं आजच सांग, कारण मग घरमालकिणीला स्टेशनपर्यंत सोडाल का विचारावं लागेल, आणि ते गुरुवारच्या आधी विचारलेलं बरं. सायकलींची ट्रॉली असली तरी बॅगा आतच घ्या.

काकांचा प्रश्न राहिला, पिवळ्या कागदावर मधल्या स्टेशनांच्या नावापुढे x आहे तो. ती स्टेशनं मागणीवर आहेत, उतरायचं असेल तर आतलं बटण दाबायचं, नाहीतर गाडी थांबत नाही. तुम्ही शेवटपर्यंत जाताय, तुम्हाला काही दाबायचं नाही.