बंद केलेला वाहन दावा पुन्हा उघडण्याबाबत

दि. १२ नोव्हेंबर २०२४

प्रति,
व्यवस्थापक, वाहन दावे विभाग,
विभागीय कार्यालय, पुणे

विषय : दावा क्र. ४१७०८२/२४, खासगी मोटार (एमएच-१२, शेवटचे अंक ४४७१)

महोदय,

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी भागात पूर आला आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधील माझी गाडी बुडाली. सीट, कार्पेट व वायरिंगचे पैसे आपण दिलेत. इंजिनाचा खर्च मात्र 'पाणी शिरल्यावर गाडी सुरू करण्याचा प्रयत्न झाला, म्हणून हे परिणामी नुकसान' असे म्हणून नाकारलात आणि १९ सप्टेंबरला दावा बंद केलात. मिळालेली रक्कम इंजिनाचा भाग सोडूनच मला मान्य आहे, हे मी त्याच दिवशी ईमेलने कळवले होते.

त्यानंतर दोन गोष्टी हाती आल्या आहेत.

पहिली, वर्कशॉपचा अहवाल. सर्व्हेच्या वेळी इंजिन उघडलेलेच नव्हते, ऑक्टोबरमध्ये उघडले. ऑइलमध्ये गाळ सापडला, पण चारही कनेक्टिंग रॉड सरळ आहेत. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले, तर रॉड सहसा वाकतात. न उघडलेल्या इंजिनाबद्दल इतका ठाम निष्कर्ष कशावरून काढला, हे मला अजून कळलेले नाही.

दुसरी, सीसीटीव्हीचे चित्रण. डीव्हीआर तळमजल्यावर होता, तोही भिजला. सोसायटीने हार्ड डिस्कमधील माहिती परत मिळवली, ती ऑक्टोबरअखेर हाती आली. पाणी चढताना गाडी जागेवरच उभी दिसते, कोणी तिच्याजवळ फिरकत नाही. पाणी ओसरल्यावर क्रेनने ती उचलून नेली, तेही त्यात आहे.

माझ्याकडे इंजिन प्रोटेक्शनचे ॲड-ऑन नाही, हे मला माहीत आहे. पण पूर हा मूळ पॉलिसीतच समाविष्ट असलेला धोका आहे. उभ्या गाडीत पुराचे पाणी शिरून झालेले नुकसान हे थेट नुकसान आहे.

नवीन बिले अशी : इंजिन उघडून सफाई, गॅस्केट व ऑइल २७,६५० रुपये, ईसीएम ३८,९४० रुपये. एकूण ६६,५९० रुपये, जीएसटीसह. ईसीएम सर्व्हेच्या वेळी चालू होता. आतल्या गंजामुळे तो नंतर बंद पडला, असे वर्कशॉपने लिहून दिले आहे. रॉडची तपासणी झाली असली तरी इंजिन अद्याप पूर्ण जोडलेले नाही आणि काढलेले भाग राखून ठेवले आहेत. फार दिवस ठेवता येणार नाहीत, असे ते सांगतात, म्हणून विनंती आहे की दावा पुन्हा उघडून सर्व्हेअरला लवकर पाठवावे. शक्यतो पहिल्याहून वेगळे सर्व्हेअर असावेत. तपासणीला मी स्वतः हजर राहीन.

दावा उघडायचा नसेल, तर पॉलिसीतील नेमक्या अटीचा उल्लेख करून लेखी कळवावे. एका महिन्यात उत्तर न आल्यास मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार करेन.

आपली,
सुनीता जोगळेकर
विमाधारक

सोबत : दोन्ही बिले, वर्कशॉपचा अहवाल व फोटो, ईसीएमबाबतचे पत्र, सोसायटीचे पत्र, चित्रणाचा पेनड्राइव्ह, १९ सप्टेंबरच्या ईमेलची प्रत.